मुंबई–चेन्नई सामना, क्लबहाऊसचा पडदा आणि वर्षभर न बोलणारे दोन शेजारी

जिना_क्रमांक_दोन (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवा आहे. थोडा लांबचा किस्सा आहे, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी पुण्यात, पाच विंग. मी यंदा सांस्कृतिक समितीवर आहे, म्हणजे गणपतीची वर्गणी आणि आयपीएलचा पडदा ही दोन संकटं माझ्याकडे. येत्या रविवारी, २० एप्रिल २०२५ला, वानखेडेवर मुंबई विरुद्ध चेन्नई आहे. दरवर्षी हा सामना क्लबहाऊसमध्ये दाखवतो. डावीकडे निळे, उजवीकडे पिवळे, मध्ये भेळ.

गेल्या वर्षी १४ एप्रिलला घोळ झाला. आठवत असेल: शेवटचे चार चेंडू उरलेले असताना धोनी आला, हार्दिकला सलग तीन षटकार मारले, वर दोन धावा पळून काढल्या. चार चेंडूंत वीस. आणि चेन्नई जिंकली तीही बरोबर वीस धावांनी. इतका आयता मसाला मिळाल्यावर पिवळे गप्प बसतात होय?

डी विंगमधल्या एका चेन्नईवाल्याने रात्री पावणेबाराला सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं '२०' लिहिलं. मग परत '२०'. असे वीस मेसेज. तिथवर लोक हसत होते. मग त्याने बी विंगमधल्या एका मुंबईवाल्याला नाव घेऊन विचारलं, 'काय हो, झोपलात की रडताय?' त्यावर बी विंगने लिहिलं, 'दोन वर्षं बंदी भोगलेल्या फिक्सरांनी बोलू नये.' डी विंग उखडला, मुंबई टीमच्या मालकांच्या पैशांवर घसरला. आणि मग बी विंगकडून ते वाक्य आलं: 'भाडेकरूंनी सोसायटीच्या ग्रुपवर जरा बेतानं लिहावं.'

संपलं. दोघांची अकरा वर्षांची मैत्री, मुलं एकाच बसने शाळेत जातात, आणि गेलं वर्षभर लिफ्टमध्ये दोघं मोबाइलात बघतात. दोघंही रविवारी येणार आहेत. चिडवाचिडवी बंद करायची नाहीये, नाहीतर तो सामना कशाला, बातम्याच लावू. पण हे परत होऊ नये म्हणून काय करू?

(मी स्वतः मुंबईवाला. आधीच सांगितलेलं बरं.)

ताक_पिऊ_भुंकू

आयपीएल बघणं बंद करा. पुढचा धागा?

घाट_उतरून_आलो

मूळ दुखणं वेगळं आहे. पुण्याला स्वतःची टीम नाही! असती तर पाचही विंग एकत्र हरल्या असत्या आणि सोसायटीत एकोपा राहिला असता.

वॉरियर्स गेले. मग सुपरजायंट आले, २०१७ची फायनल मुंबईशी एका धावेने हरले आणि तेही गेले. आता पुणेकर म्हणजे भाड्याच्या प्रेमावर जगणारा माणूस.

वानखेडेचा_नॉर्थ_स्टँड

भाड्याच्या प्रेमावर... या धाग्यात 'भाडे' शब्द वापरायची हिंमत लागते हो. :)

पिवळा_पुणेकर

भाड्याचं नाही, दत्तक प्रेम. २०१८ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचे सामने तिथून हलवले आणि घरचं मैदान झालं आपलं गहुंजे. चेन्नईहून प्रेक्षकांची खास रेल्वेगाडी आली होती, 'व्हिसल पोडू एक्स्प्रेस'. मी तेव्हापासून पिवळा. ऋतुराज आमच्या पिंपरी-चिंचवडचा. केदार जाधव पुण्याचा, त्याच मोसमात वानखेडेवर मांडीचा स्नायू दुखावलेला असताना परत बॅटिंगला आला आणि लंगडत मुंबईला हरवून गेला. आता सांगा, मराठी टीम कोणती?

वानखेडेचा_नॉर्थ_स्टँड

त्याच मोसमात २८ एप्रिलला तुमच्या दत्तक घरात, गहुंज्यात, येऊन मुंबईने आठ गडी राखून जेवण केलं आणि ताटसुद्धा धुतलं नाही. ते सांगायचं राहिलं वाटतं.

आणि फायनलमध्ये तर तुम्ही आम्हाला कधीच हरवलेलं नाही.

पिवळा_पुणेकर

२०१०, डी. वाय. पाटील, बावीस धावा. तुमच्याच खाडीपलीकडे. या, बसा.

वानखेडेचा_नॉर्थ_स्टँड

अरे हो की. २०१३, १५ आणि १९ एवढे जोरात लक्षात आहेत की २०१० आठवणीत मावलंच नाही. माघार. चहा माझ्याकडून.

तिसरा_पंच

वरच्या दोघांकडे बघा, धागाकर्ते. तुमचं उत्तर निम्मं तिथेच आहे. एकाने चुकीचं ठोकलं, दुसऱ्याने तारखेसकट परत केलं, पहिल्याने मान्य करून वर अजून एक टोला दिला. टोमणा कुठे बसला? स्कोअरकार्डावर. कोणाच्या घरात शिरला नाही.

मी आधी मंडळात आणि नंतर कंपनीत मिळून बरीच वर्षं असे पडदे लावलेत, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमच्या १४ एप्रिलच्या रात्रीचे टप्पे बघा. वीस वेळा 'वीस' हा अप्रतिम टोमणा आहे. आकडा खरा, योगायोग खरा आणि तो अख्ख्या निळ्या बाजूला उद्देशून आहे. तिथे कोणीच दुखावलं नाही. बिघडलं ते पुढच्या मेसेजला, जेव्हा त्याने एका माणसाचं नाव घेतलं आणि 'रडताय का' विचारलं. त्या क्षणी वीस जणांचा पराभव एकट्याचा झाला. आता त्याला अख्ख्या सोसायटीसमोर उत्तर देणं भाग. हातात क्रिकेट तर नाही, आत्ताच हरलाय. मग माणूस क्रिकेटच्या बाहेरचं काहीतरी शोधतो. आधी 'फिक्सर' सापडलं, ते संपल्यावर 'भाडेकरू'.

आता 'फिक्सर'बद्दल. चेन्नईवर २०१६ आणि १७ची बंदी होती, हे खरं. पण ती संघाच्या व्यवस्थापनातल्या माणसाच्या सट्टेबाजीवरून, खेळाडूंनी सामने विकले म्हणून नव्हे. चेन्नईवाल्याला तो शब्द टोमणा वाटत नाही, आरोप वाटतो. तसंच मुंबईवाल्याला 'अंपायर विकत घेतले' म्हणून बघा. २०१९च्या फायनलमधला धोनीचा रनआउट काढला की आमच्या कंपनीत अजून आवाज चढतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच: तू ज्याच्यावर जीव टाकलास ते सगळं खोटं होतं. त्यावर हसत उत्तर द्यायला जागाच उरत नाही. म्हणून आमच्याकडे हे दोन शब्द बंद आहेत. बाकी काहीही बोला.

दुसरं, वेळ. आमचा एकच रिवाज आहे: सामना संपल्यावर पहिला टोमणा हरलेल्याने मारायचा, स्वतःच्याच टीमवर. तो येईपर्यंत जिंकलेल्यांनी ग्रुपवर तोंड उघडायचं नाही. गेल्या वर्षीचंच उदाहरण घ्या. त्या १४ एप्रिलला रोहित १०५ वर नाबाद राहिला आणि तरी मुंबई हरली. आमच्याकडच्या एका मुंबईवाल्याने रात्री लिहिलं, 'शतकही आमचं, पराभवही आमचाच. तुम्ही नुसते जेवून गेलात.' लगेच पिवळ्यांचं उत्तर: 'पाहुणे होतो, रिकाम्या हाताने कसे येणार? शतक आहेर म्हणून ठेवून गेलो.' यानंतर तासभर धुमाळी. पण दार आतून उघडलं होतं, लाथ मारून नाही. शिवाय हरलेला स्वतःवर किती हसतोय त्यावरून आज त्याला किती झेपेल ते कळतं. त्याने काहीच लिहिलं नाही, तर त्या रात्री सोडून द्यायचं. सकाळी बघू.

ओले_काजू

तिपं, 'आहेर' बेष्ट! हहपुवा.

नमदे_नमदे

आमच्याकडे या आरसीबीत. २००८ ते २०२४, सतरा मोसम झाले, कप नाही. दरवर्षी पहिला टोमणा आमचा, शेवटचाही आमचाच. सगळे आमच्याशी फार प्रेमाने वागतात.

सुरेश_काका_निगडी

कोणता प्रोजेक्टर वापरता? आमच्याही सोसायटीत क्लबहाऊस आहे पण संध्याकाळी उजेड येतो. पडदा किती फुटी घ्यावा?

जिना_क्रमांक_दोन

काका, सामना साडेसातचा आहे, तोवर अंधार होतो. पडद्याचं व्यनित सांगतो.

तिसरा_पंच, हा रिवाज आवडला. पण सामना चालू असतानाचं काय? तेव्हाच तर सगळ्यात जास्त कलकलाट असतो.

तिसरा_पंच

समोरासमोर असताना काळजी नको. माणसाचा चेहरा दिसतो, पुढची ओळ आपोआप गिळली जाते. फोनवर जपा. तुमच्याकडे काही जण घरी बसून मोबाइलवर बघत असणार. इंटरनेटवरचं चित्र डिशपेक्षा मागे असतं, कधी काही सेकंद, नेटवर्क रडत असेल तर बरंच जास्त. क्लबहाऊसमध्ये विकेट पडते, इथला एकजण लगेच ग्रुपवर 'गेला!!!' टाकतो आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला अजून बोलर धावत येताना दिसतोय. त्याचा सामनाच फुटला. मग तो ज्या रागाने लिहितो तो टीमचा राग नसतोच, पण जातो टीमच्या नावावर. षटक संपेपर्यंत काही टाकू नका, एवढं सांगून ठेवा.

मी_माटुंगेकर

माझं थोडं वेगळं. मी कोकणस्थ, नवरा तमिळ, सासर माटुंग्यात तीन पिढ्यांपासून. सासरे अस्खलित मराठी बोलतात, माझ्यापेक्षा बरी शिवी देतात. ते चेन्नईवाले, मी मुंबईची. घरात सामन्याच्या दिवशी सासूबाई दोघांनाही जेवायला वेगवेगळ्या खोलीत बसवतात.

मामा (सासऱ्यांना मी मामाच म्हणते) माझ्याकडून काहीही ऐकून घेतात. २०१९ला शेवटच्या चेंडूवर शार्दुल पायचीत झाला तेव्हा मी त्यांना म्हटलं, 'मामा, दोन धावा हव्या होत्या आणि तुम्ही पाठवलात कोणाला, आमच्या पालघरच्या पोराला! तो आमचाच माणूस होता.' ते इतके हसले की ठसका लागला. अजून सांगतात लोकांना, 'माझ्या सुनेचा हेर.'

पण त्यांच्या इमारतीत एकाने एकदा 'मद्रासी हरले, लुंगी सुटली' म्हटलं. मामा हसले नाहीत. काही बोललेही नाहीत. नंतर त्या घरी चेन्नईच्या सामन्याला गेले नाहीत, तब्येतीचं कारण सांगायचे. तुमच्या 'भाडेकरू'सारखंच आहे हे. टोमणा टीमला असतो तेव्हा दोघंही प्रेक्षक असतात. लुंगी म्हटलं की एक जण घरमालक आणि दुसरा पाहुणा होतो, सत्तर वर्षं इथे राहूनही.

ताक_पिऊ_भुंकू

ताई, हे पटलं. माझा पहिला प्रतिसाद मागे.

गल्ली_क्रिकेटर_८३

मला नाही पटत हे सगळं. हे शब्द बंद, ते शब्द बंद, आधी हरलेला बोलणार, षटक संपेपर्यंत थांबा... चिडवणं आहे की सोसायटीची सर्वसाधारण सभा? चिडवणं लागलं पाहिजे. थोडं झोंबलंच नाही तर मजा काय? आम्ही लहानपणी एकमेकांच्या आईबापापर्यंत जायचो आणि संध्याकाळी एकाच गाड्यावर वडापाव खायचो.

पिवळा_पुणेकर

कारण तेव्हा ते लेखी नव्हतं. आता 'भाडेकरू' शब्द आजही स्क्रोल करून सापडतो. माणूस वर्षभर तो वाचू शकतो.

गल्ली_क्रिकेटर_८३

हा मुद्दा आहे खरा. पण तरी माझं म्हणणं सोडत नाही. आणि पैज लावा की राव. पाचशे रुपये लावले की माणूस तोंड सांभाळून बोलतो.

तिसरा_पंच

उलट. पैसे लागले की विनोद मरतो, हे मी दोनदा पाहिलंय. पाचशे गेलेल्या माणसाला 'आहेर' ऐकवून बघा. पैज लावायचीच तर अशी लावा की ती फेडताना हसू येईल. आमच्याकडे हरलेल्याने दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या टीमच्या रंगाचा शर्ट घालून चहा आणायचा. पिवळा शर्ट आणि मुंबईकराचा चेहरा, फोटो काढण्यासारखा असतो.

करवीर_कट्टा

वाचत होतो. लिहू की नको असं वाटलं, पण गल्ली_क्रिकेटरांचं 'झोंबलंच पाहिजे' वाचलं म्हणून लिहितो.

मार्च २०२४. आमच्या कोल्हापूरलगत हणमंतवाडीत गावातले लोक एकत्र सामना बघत होते. हैदराबादने मुंबईविरुद्ध २७७ केल्या तो सामना. रोहित आउट झाल्यावर साठी ओलांडलेल्या एका चेन्नईप्रेमी गृहस्थांनी आनंद व्यक्त केला, आता मुंबई कशी जिंकणार म्हणून डिवचलं. दोघांनी त्यांच्या डोक्यात मारलं. काही दिवसांनी दवाखान्यात त्यांचा मृत्यू झाला. मारणारे परके नव्हते.

चेन्नई त्या सामन्यात खेळतसुद्धा नव्हती.

ते जे बोलले ते तुम्ही-आम्ही रोज बोलतो. त्यात काही चूक होतं असं मला अजूनही वाटत नाही. म्हणून टोमणा कसा मारावा याचे नियम वाचताना मला असं वाटतं की ऐकणारा किती तापलाय हे बघणारं कोणीतरी तिसरं माणूस तिथे हवं होतं. त्याला हाताला धरून बाहेर घेऊन जाणारं.

मी_माटुंगेकर

वाचलं होतं तेव्हा. आज परत अंगावर आलं.

गल्ली_क्रिकेटर_८३

हे माहीत होतं पण विसरलो होतो. शब्द मागे घेत नाही, पण जरा थांबतो.

तिसरा_पंच

करवीर, तुमचा मुद्दा माझ्या लांबणीपेक्षा मोठा आहे. तापलेला माणूस ओळखू येतो. तो टोमण्यांना उत्तर देणं बंद करतो, पडद्याकडे न बघता बोलणाऱ्याकडे बघायला लागतो. किंवा हसणं थांबवून त्याच त्या माणसाचं वाक्य परत परत म्हणून दाखवतो. मंडळात आमचा एक दादा फक्त एवढंच बघायचा. दिसलं की म्हणायचा, 'चल रे, बर्फ आणायचाय.' बर्फ कधीच लागायचा नाही. आणि त्याचा नियम होता, पिऊन आलेला माणूस सामना घरी बघेल. यावर चर्चा नाही.

धागाकर्ते, तुमच्या दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात बसवू नका, सगळ्यांना दिसेल. दोघांनाही काहीतरी काम द्या.

जिना_क्रमांक_दोन

काम देतो. बी विंगला भेळ, डी विंगला स्पीकर. भेळवाल्याला माईक लागतोच, त्यामुळे एकदा तरी बोलावं लागेल.

नमदे_नमदे

आणि बर्फाची जबाबदारी आरसीबीवाल्याला द्या. आम्हाला थंड राहायची सवय आहे.

जिना_क्रमांक_दोन

(रविवार रात्र, उशिरा)

मंडळी, अहवाल.

ग्रुपवर फक्त दोन ओळी टाकल्या होत्या: षटक संपेपर्यंत स्कोअर लिहू नका, आणि सामन्यानंतर पहिला मेसेज हरलेल्यांचा. 'फिक्सर' आणि 'अंपायर' यांचं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर लोकांना आठवलं असतं.

भेळ-स्पीकरची युक्ती सपशेल फसली. बी विंगने माईक न घेता भेळेसाठी हाताने खुणा केल्या. डी विंगने खुणा पाहिल्याच नाहीत.

मग ऋतुराजच्या जागी घेतलेला तो सतरा वर्षांचा आयुष म्हात्रे आला. पदार्पण, वानखेडेवर, पिवळ्या कपड्यात. पोरगा विरारचा. पंधरा चेंडूंत बत्तीस, दोन षटकार. पहिल्या षटकाराला निळ्या बाजूनेही टाळ्या पडल्या आणि बी विंग ओरडला, 'अरे आपल्या विरारचा आहे तो!' स्पीकरजवळून आवाज आला, 'आपल्या म्हणजे कोणाच्या?' बी विंगने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'पश्चिम रेल्वेच्या.'

अख्खं क्लबहाऊस हसलं. वर्षात पहिल्यांदा दोघं एकमेकांना काही बोलले.

पुढचं तुम्ही पाहिलंच. रोहित ७६ नाबाद, सूर्या ६८ नाबाद, मुंबई नऊ गडी राखून, तेही सोळाव्या षटकात. मी धास्तावलो होतो, कारण आता पाळी उलटी होती आणि बी विंगकडे वर्षाचा हिशेब होता. अकरा वाजता ग्रुपवर काहीच नाही. सव्वाअकराला डी विंगचा मेसेज आला: 'चोवीस चेंडू शिल्लक ठेवल्याबद्दल आभार. मुलांना सकाळी शाळा आहे.' (खरं तर २६ उरले होते, पण कोणी दुरुस्त केलं नाही.)

बी विंगचं उत्तर आलं नाही. टायपिंग दिसत होतं, मग थांबलं, परत दिसलं, परत थांबलं. शेवटी त्याने नुसता एक आकडा टाकला: '९'. एकदाच.

भाडेकरूच्या त्या वाक्याबद्दल अजून कोणी कोणाला काही बोललेलं नाही.

पिवळा_पुणेकर

'पश्चिम रेल्वेच्या' याला हरलेल्या टीमतर्फे मनापासून टाळ्या. ऋतुराज असता तर... असो, पहिला टोमणा स्वतःवर: आमचा कप्तान दुखापतीत, म्हणून वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी धोनी परत कप्तान. आमच्याकडे निवृत्तीचं वय सरकारी नोकरीपेक्षा जास्त आहे.

वानखेडेचा_नॉर्थ_स्टँड

पेन्शन तरी वेळेवर द्या त्याला.

सुरेश_काका_निगडी

पडद्याचं व्यनि अजून आलं नाही.